मदत हवी आहे: पोरं पहिल्याच फेरीत उधळतात, टॉक टेस्ट फसली

खडूधारी
नमस्कार मंडळी. शाळेत पोरांना पळायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात आलंय. आठ आठवड्यांचं काहीतरी बसवायचंय. स्पर्धेसाठी नाही, न थांबता पंधरा-वीस मिनिटं पळता आलं की झालं. बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं असं कुठेतरी वाचलं, तसं सांगितलं. पण शिट्टी वाजली की सगळी बैल सुटल्यासारखी सुटतात. पहिल्या फेरीत मी ओरडून विचारतो, "बोलता येतंय का रे?" सगळी म्हणतात, "हो सऽऽर!" आणि दुसऱ्या फेरीला निम्मी कमरेवर हात ठेवून चालत असतात. पीटीचे तीन तास झाले, तेच. ही टॉक टेस्ट मुलांवर चालते की नाही? वेळापत्रक असेल तर द्या, सोमवारी हवंय.

संत्रानगरी
किती वर्षांची मुलं? किती जण? सकाळी की दुपारी? फेरी केवढी? सगळं गुलदस्त्यात ठेवून वेळापत्रक मागताय.

खडूधारी
सातवी ते नववी, म्हणजे १२ ते १५. एकूण ४२, मुलं-मुली मिळून. शेवटचा तास, दुपारी साडेचार. मैदान वाकडंतिकडं आहे, फेरी मोजलेली नाही. याने काय फरक पडतो?

संत्रानगरी
साडेचारला आमच्याकडे एप्रिलमध्ये कुत्रंही सावली सोडत नाही. महिना कुठला धरलाय? उन्हात तोच वेग जास्त दमवतो, मग तुमची पोरं बोलणार कशी?

खडूधारी
जुलै ते सप्टेंबर. घाटमाथ्याजवळ आहोत, ऊन नाही, चिखल आहे. वेळापत्रक?

खाकीस्वप्न
सर, मी भरतीच्या मुलांचा सराव घेतो. गप्पा मारत पळून कोणाचं १६०० मीटर झालंय का? दम लागल्याशिवाय दम वाढत नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकद लावायला सांगा, तोंड बंद, श्वास फक्त नाकाने. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

घाटरस्ता
खाकीस्वप्न, तुमची मुलं अठराच्या पुढची आहेत आणि स्वतःच्या गरजेने येतात. यांच्यातली निम्मी पीटीचा तास बुडाला तर खूश होणारी आहेत. पहिल्या दिवशी छाती फुटली की दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट दुखतं.

खडूधारी सर, टेस्ट फसलेली नाही, तुम्ही ती चुकीच्या वेळी घेताय. श्वास पायांच्या मागून येतो. पोरगं जीव खाऊन सुटलं तरी पहिली मिनिटभर पाय साठवलेल्या शिदोरीवर चालतात, धाप पूर्ण लागायला दोन-तीन मिनिटं जातात. तुम्ही पहिल्या फेरीत विचारता तेव्हा त्याला खरंच बोलता येत असतं. खोटं बोलत नाही तो. उत्तर खरं आहे, पण ते त्याच्या वेगाबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून सलग तीन मिनिटं पळून झाल्याशिवाय विचारायचंच नाही. नवख्यांना एक मिनिट पळा, एक मिनिट चाला असं देतात ना, त्यात ही कसोटी लागूच पडत नाही, श्वास वर चढायच्या आत विश्रांती येते. माझ्या बॅचला मी पहिल्या दिवसापासून तीन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला असं चार वेळा देतो. तीन मिनिटं जमत नसतील तर वेळ कमी करायची नाही, वेग कमी करायचा. चालण्यापेक्षा जेमतेम जास्त असला तरी चालेल.

मुलुंडकर_मीरा
माझ्या घड्याळात झोन दिसतो. २२० वजा वय केलं की कमाल ठोके मिळतात, त्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहायचं. मी ४६ वर्षांची आहे, हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय, पण उतारावर डावा गुडघा दुखतो. कोणाला अनुभव आहे का?

खडूधारी
ताई, ४२ पोरांना घड्याळं कोण देणार? आणि गुडघ्यासाठी वेगळा धागा काढा ना.

घाटरस्ता
मीराताई, ते सूत्र मोठ्यांनाही ढोबळच बसतं, आणि या वयाच्या मुलांना तर लावूच नये. त्यांचे ठोके पटकन चढतात, पटकन उतरतात. तेरा वर्षांची दोन मुलं शेजारी पळवली तर सारख्याच आरामात पळताना आकड्यांत भरपूर तफावत दिसते. बोलणं बरं, ते ज्याचं त्याच्या छातीवर मोजलं जातं.

खडूधारी
घाटरस्ता, तीन मिनिटांची गोष्ट आज करून बघितली. आता नवी अडचण. "बोलता येतंय का" विचारलं तर हो म्हणतात, कारण हो म्हणायला श्वास लागतोच किती? म्हणून काहीतरी म्हणायला लावावं असं ठरवलं. मी गणिताचा मास्तर, सतराचा पाढा म्हणायला लावला. सगळे सतरा त्रिक एक्कावन्नला अडकले. दमामुळे की पाढ्यामुळे, देवाला ठाऊक.

संत्रानगरी
😂 प्रतिज्ञा म्हणायला लावा, सगळ्यांना पाठ असते.

शिस्तप्रिय
प्रतिज्ञा सावधान उभं राहून म्हणायची असते. धापा टाकत तोडून तोडून म्हणणं हा अवमान आहे. हल्लीच्या शिक्षकांना एवढंही कळू नये?

संत्रानगरी
अहो, अमेरिकेत हीच कसोटी घेताना त्यांची राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणायला लावतात. तिथे कोणाचा अवमान झाला नाही.

शिस्तप्रिय
तिथलं तिथे. आमच्या वेळी खेळाचे सर मैदानात आले की चिडीचूप व्हायचं. तुम्ही पोरांना पळताना गप्पा मारायला शिकवताय.

घाटरस्ता
प्रतिज्ञेचा वाद नकोच, बेचा पाढा घ्या. तो झोपेतही येतो, त्यामुळे अडकला तर दमामुळेच. पण त्यातही एक चोरवाट आहे. 'बे एके बे' म्हणायचं, श्वास घ्यायचा, 'बे दुणे चार' म्हणायचं, परत श्वास. तुकडे इतके छोटे आहेत की धापा टाकणारा मुलगाही वीसपर्यंत पोहोचतो. म्हणून एका दमात 'बे पंचे दहा' गाठायचं असा नियम ठेवा. मध्येच श्वास ओढावा लागला की वेग जास्त आहे. आणि घोळक्याने म्हणू देऊ नका, घोळक्यात दमलेला गप्प बसतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

जोड्या लावा. एकाने काल रात्री घरी काय जेवण होतं ते सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, पुढच्या तीन मिनिटांत उलट. निवाडा ऐकणारा देतो, पळणारा नाही. स्वतःला सगळेच पास करतात. "भाजी... होती... वांग्याची" असं ऐकू आलं की ऐकणारा "गिअर टाक" म्हणतो आणि दोघं हळू होतात. आमच्याकडे हा शब्द पोरांनीच काढला.

मैदान मोजलेलं नसलं तरी अडत नाही. फेरी रोज तीच ठेवा आणि दर फेरीला किती सेकंद लागले ते लिहा. आधी त्याला अंदाज सांगू द्या, मग आकडा दाखवा. वेगाची जाण त्यातून येते.

खाकीस्वप्न
म्हणजे आठ आठवडे पोरं वांग्याची भाजीच सांगणार? वेग कधी येणार?

घाटरस्ता
तुमचं म्हणणं अर्धं मान्य. नुसतं हळू पळून ही पोरं कंटाळतात, त्यांना उधळायला जागा लागतेच. पण ती शेवटी द्यायची. पळणं संपलं की साठ-सत्तर पावलांच्या चार दौडी, मध्ये चालत परत यायचं. तिथे बोलायचं बंधन नाही. ते मिळणार हे माहीत असलं की आधी धीर धरतात. नाकाने श्वासाचं मात्र सोडा, पावसाळ्यात अर्ध्या पोरांची नाकं चोंदलेली असतात.

दवाखान्यातून
मी फिजिओ आहे, न विचारता एक सांगते. एखादं मूल अगदी हळू पळूनही बोलू शकत नसेल, किंवा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकायला लागत असेल, तर ते आळशी नाही आणि वेगही चुकलेला नाही. पळण्याने उफाळणारा दमा असू शकतो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्याला पळवू नका. आणि या वयात उंची झपाट्याने वाढते, तेव्हा टाच किंवा गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं. लंगडत असेल तर त्या दिवशी बसवा.

मुलुंडकर_मीरा
माझा गुडघा वाटीच्या बाजूला दुखतो, खाली नाही.

खडूधारी
तीन आठवड्यांनी परत आलो. एक नोंद देतो, आठवीतला मुलगा, वर्गातला सगळ्यात वळवळ्या. पहिल्या दिवशी त्याच्या चार फेऱ्या अशा होत्या: ५८, ७९, १०४, १२८ सेकंद. चौथी बहुतेक चालतच. परवा जोडीत, बोलत: ९२, ९३, ९५, ९१. घरी येऊन बेरीज केली. तेव्हाचे ३६९ सेकंद, परवाचे ३७१. म्हणजे चार फेऱ्यांना वेळ तेवढाच! फरक एवढाच की तेव्हा तो गवतावर आडवा झाला होता, परवा "सर, अजून एक मारू?" म्हणाला. हे आकडे फळ्यावर लिहून दाखवले. त्यानंतर शिट्टीला उधळणारे निम्म्याने कमी झाले. बाकीचे अजून उधळतात.

घाटरस्ता
बेरीज करून दाखवलीत हे फार छान. आता पळणं पाच मिनिटं, चालणं दोन, तीन वेळा. दोन आठवड्यांनी आठ मिनिटं, दोन वेळा. सातव्यात सलग बारा, आठव्यात सलग पंधरा. ज्या जोडीचं वाक्य तुटतं तिने आधीचाच आठवडा परत करायचा, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. जोड्या मैत्रीवर न लावता फेरीच्या सेकंदांवर लावा, नाहीतर मंद मित्र जलद मित्रामागे फरपटतो.

खडूधारी
सेकंदांवर लावल्या तर एका जोडीत मुलगा-मुलगी येतात आणि दोघं तोंडातून ब्र काढत नाहीत. त्यांना मैत्रीवरच ठेवलंय. दुसरं म्हणजे, नववीतला एक मुलगा बोलताना अडखळतो, एरवीही. जोडीदार त्याला सारखा "गिअर टाक" म्हणायचा. तो कंटाळून शेवटी एकटाच मागे पळायला लागला. त्याचं काय करू?

दवाखान्यातून
त्याला बोलायला लावूच नका. ओठ मिटून लांब 'म्म्म' गुणगुणायला सांगा. त्यालाही श्वास सावकाश सोडावा लागतो, धाप असेल तर सूर तुटतो. मी मुलांवर करून पाहिलेलं नाही, अंदाजाने सांगतेय.

घाटरस्ता
मीही नाही केलेलं. पण एकट्याला वेगळं देऊ नका, एक दिवस सगळ्याच जोड्यांना गुणगुणायला लावा.

खडूधारी
उद्या पाऊस नसेल तर करतो. ४२ पोरं 'म्म्म' करत पळाली की मुख्याध्यापक खिडकीत येणार हे नक्की.