मदत हवी आहे: गाडीचे रिव्ह्यू खरे की पैसे घेऊन केलेले, ओळखायचं कसं?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. छोटी एसयूव्ही घ्यायची आहे, पेट्रोल ऑटोमॅटिक, ऑनरोड 14 लाखांच्या आसपास. रोजचा रस्ता कासारवडवली ते ऐरोली, म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा पूल, विटावा. एक मॉडेल जवळपास ठरलंय, टर्बो इंजिन आणि ड्राय क्लचचा डीसीटी गिअरबॉक्स. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती नको, ही घ्या"वर जाईल.

सात व्हिडिओ पाहिले. त्यातले पाच एकाच दिवशी दुपारी ठीक 12 वाजता आलेले. पाचहींत मागे तेच डोंगर, तेच हॉटेल, दोघांच्या गाडीची नंबरप्लेटसुद्धा एकच. सांगितलेल्या उणिवाही त्याच: पांढऱ्या सीट मळतील, मागे सनशेड नाही. हे सगळे विकले गेलेत असं समजायचं का? शिवाय एका पोर्टलवर मालकांचे रिव्ह्यू आहेत, सरासरी 4.6. त्यावर किती विसंबावं?

रविवारचा_ड्रायव्हर

सोपं आहे. यूट्यूबवर व्हिडिओ सुरू होताना कोपऱ्यात `Includes paid promotion` असं येतं. आलं तर जाहिरात, नाही आलं तर प्रामाणिक. आता नियमच आहे, लपवता येत नाही.

गिअरनाना

रविवारचा_ड्रायव्हर, पहिलं अर्धं बरोबर, दुसरं नाही. ती पट्टी यूट्यूब स्वतः शोधून लावत नाही. अपलोड करणारा सेटिंगमध्ये खूण करतो तेव्हा ती येते, आणि तीही सुरुवातीचे काही सेकंदच. खूण केलीच नाही तर पट्टीही नाही. नियम आहेत हे खरं. जाहिरात मानकांचं काम पाहणाऱ्या आस्कीच्या 2021 च्या नियमांत तर फुकट प्रवास आणि हॉटेलचा मुक्कामही 'संबंध' म्हणून मोजलाय, आणि दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत ज्या भागात त्या ब्रँडचं कौतुक चाललंय तो पूर्ण भाग लेबल दिसायला हवं. प्रत्यक्षात किती जणांच्या व्हिडिओत दिसतं, ते तुम्हीच पाहा. तेव्हा पट्टी असेल तर व्हिडिओत कोणाची तरी जाहिरात आहे हे नक्की. नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

कासारवडवलीकर, आता तुमचे ते पाच व्हिडिओ. एकाच मिनिटाला आले कारण त्यांच्यावर एम्बार्गो होता. नवी गाडी आली की कंपनी मीडिया ड्राइव्ह ठेवते. पत्रकार आणि यूट्यूबर एका गावी नेते, विमान आणि हॉटेल बहुतेक वेळा तिच्याच खर्चाने, गाड्या तिच्याच ताफ्यातल्या, आणि ठरलेल्या वेळेआधी काही प्रसिद्ध करायचं नाही अशी अट. म्हणून डोंगर तेच आणि नंबरप्लेटही तीच. यावरून कोणी मतं विकली असं सिद्ध होत नाही. पण ही पाच मतं म्हणून मोजू नका. त्याच गाड्या, तोच रस्ता, तेच काही तास. एकच निरीक्षण पाच तोंडांनी ऐकताय.

तुमच्यासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे. मीडिया ड्राइव्हचा रस्ता सहसा मोकळा आणि वळणावळणाचा असतो. ड्राय क्लचचा डीसीटी तिथे झकास चालतो, आणि तो मोकळ्या रस्त्याला मुळातच चांगला आहे. त्याचा त्रास निघतो तो ताशी 3-4 किलोमीटरने सरकताना. त्या वेगाला क्लच पूर्ण लागत नाही, अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. वेट क्लच तेलात बुडालेला असल्याने उष्णता तेल नेतं. ड्राय क्लचला फक्त हवा. तापमान वाढलं की आधी गाडी हिसके देते, मग डिस्प्लेवर इशारा येतो, कधी थांबून थंड करावी लागते. गायमुखच्या चढावर संध्याकाळची रांग हा त्याला सगळ्यात वाईट प्रसंग. पाचही जण शंभर टक्के प्रामाणिक असले तरी हे त्यांना त्या ड्राइव्हवर दिसलंच नसणार. प्रामाणिक माणूस आणि तुमच्या उपयोगाचा रिव्ह्यू या दोन वेगळ्या गोष्टी.

पनवेल_एक्सप्रेस

एवढा अभ्यास कशाला, भाऊ? सीएनजी मॅन्युअल घ्या, डीसीटीच्या नादी लागू नका. माझ्या मेहुण्याला डीलरने इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजमध्ये चांगलंच कापलं, आधी त्याची चौकशी करा.

कासारवडवलीकर

धन्यवाद, पण डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच नकोच. नाना, मग ते सात व्हिडिओ टाकून देऊ का?

गिअरनाना

टाकू नका, चाळा. कॉम्प्युटरवर व्हिडिओखालचं वर्णन उघडलंत की `Show transcript` मिळतं, बहुतेक हिंदी-इंग्रजी व्हिडिओंना असतं. ते उघडून Ctrl+F ने traffic, crawl, heat, clutch, jerk हे शब्द शोधा. हिंदी व्हिडिओत ट्रान्सक्रिप्ट देवनागरीत असेल तर ट्रैफिक, क्लच, झटका. अर्ध्या तासाच्या व्हिडिओत गिअरबॉक्सवर दोनच वाक्यं असतील आणि तीही "शिफ्ट अगदी स्मूथ आहेत" एवढीच, तर तो व्हिडिओ तुमच्या प्रश्नावर गप्प आहे. कोणता व्हेरिएंट चालवला तेही बघा. ड्राइव्हला सहसा टॉपचं मॉडेल देतात, मोठे टायर आणि सगळी फीचर्स लावलेलं. तुम्ही मधलं घेणार असाल तर राइडबद्दलचं मत तसंच्या तसं लागू होत नाही.

मग उणिवा. पांढरी सीट, सनशेड नाही, चार्जिंग पॉइंट एकच, या बिनखर्चाच्या उणिवा. त्या सांगून समतोलही दिसतो आणि कंपनीही नाराज होत नाही. खऱ्या उणिवेला परिस्थिती चिकटलेली असते: कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरला, किती माणसं बसलेली, एसी चालू की बंद. "दुसऱ्या गिअरला चढावर 20 च्या वेगाला पिकअप मरतो" असं कोणी म्हणालं तर त्याने ते अनुभवलंय. "लो एंडला जरा कमी वाटतं" हे कुठल्याही टर्बोबद्दल म्हणता येतं.

आता चॅनेलच तपासायचं असेल तर नव्या गाडीवर तपासू नका, जुन्यावर तपासा. दोन-तीन वर्षं रस्त्यावर असलेलं एखादं मॉडेल घ्या, ज्याचे दोष आता मालकांना माहीत झालेत. तुम्हाला ड्राय क्लचचीच माहिती हवी, तर तसाच गिअरबॉक्स असलेलं घ्या. आधी मालकांच्या तक्रारी वाचून तीन दोष कागदावर लिहा, मग त्याच चॅनेलचा लाँचच्या वेळचा व्हिडिओ बघा. ड्राइव्हवर कळणं शक्य होतं असे दोष त्याने सांगितले होते का? स्क्रीन हँग होणं, मागच्या सीटवर आदळणं हे एका दिवसात कळतं. क्लच दोन वर्षांनी गेला हे कोणालाच कळलं नसतं, त्याचा दोष त्याला देऊ नका. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर व्हिडिओत ऐकलेलेच दोष मालकांच्या तक्रारींत सापडायला लागतात. मालकांच्या तक्रारी शोधायला गूगलवर असं टाका, MODEL च्या जागी गाडीचं नाव आणि तारीख लाँचनंतर सहा महिन्यांची:

```
"MODEL" DCT overheating traffic after:2024-06-01
```

वाशीची_मनीषा

पोर्टलच्या 4.6 बद्दल लिहिते. ती सरासरी बघूच नका. एक तर पोर्टलचा धंदा तुमचा फोन नंबर डीलरला देण्यावर आणि कंपन्यांच्या जाहिरातींवर चालतो. दुसरं, बरेच रिव्ह्यू डिलिव्हरीच्या आठवड्यात लिहिलेले असतात, कधी व्हाउचरच्या आमिषाने. नवी गाडी कोणाला वाईट वाटते? `Newest` लावा आणि फक्त 3 स्टारवाले वाचा. 1 स्टारमध्ये बहुतेक राग सर्व्हिस सेंटरवर असतो, 5 मध्ये नवलाई. 3 वाल्याने गाडी ठेवलेली असते आणि तरी काहीतरी खुपत असतं.

प्रत्येकात तीन गोष्टी शोधा: किती किलोमीटर झाले, कोणता व्हेरिएंट, कुठल्या शहरात. तिन्ही नसतील तर पुढचा वाचा. मायलेजचा आकडा दिला असेल तर मोजला कसा ते बघा. डिस्प्लेवरचा आकडा अनेकदा खऱ्यापेक्षा गोड असतो. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली, 412 किलोमीटर चालवली, परत त्याच पंपावर तशीच भरली आणि 34.3 लिटर लागले, म्हणजे 12 चं मायलेज. असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या वाक्यांवरही मी जास्त विश्वास ठेवते. आणि ब्रोशरमधले शब्द ओळखा. "प्रीमियम केबिन अनुभव" असं गाडीचा मालक लिहीत नाही हो.

छापील_शाई

नाना, एका गोष्टीवर असहमत. मीडिया ड्राइव्हला जाणं आणि पैसे घेऊन व्हिडिओ करणं एकाच पारड्यात नको. ड्राइव्हला मजकूर कंपनी तपासत नाही, पैशाच्या व्हिडिओत तपासते. छापील मासिकंही वर्षानुवर्षं अशाच ड्राइव्हला जात आलीत.

गिअरनाना

मजकूर तपासत नाहीत, मान्य. पण कडक लिहिणाऱ्याला पुढच्या ड्राइव्हचं बोलावणं आलं नाही तर तो लाँचच्या दिवशी मागे पडतो, आणि व्ह्यू त्याच दिवशी मिळतात. त्यासाठी पैसे द्यायची गरजच उरत नाही.

छापील_शाई

हा दबाव आहे, नाकारत नाही. पण मग स्वतः गाडी विकत घेऊन रिव्ह्यू करणाराही मोकळा नाही. स्वतःची खरेदी चुकली असं कोण म्हणतो? तुमच्या चाळणीत त्याला काही जागा दिसली नाही.

कासारवडवलीकर

दोन्ही बाजू पटतायत. सातही ट्रान्सक्रिप्ट शोधून झाल्या. पाच मीडिया ड्राइव्हवाल्यांत ट्रॅफिकबद्दल एकाच जणाचं एक वाक्य: "शहरातही छान." सहावा शोरूममध्ये शूट केलेला, खाली एका सेल्समनचा नंबर, तो सोडून दिला. सातवा स्वतः विकत घेतलेल्याचा, 9,000 किलोमीटरनंतरचा. त्यात क्लच तापल्याचा इशारा एकदा आला म्हणतो, पण कुठे, कसा, ते सांगत नाही. तुम्ही सांगितलंत तसं एक जुनं मॉडेल घेऊन चॅनेलचे लाँचच्या वेळचे व्हिडिओ तपासतोय. तोवर टेस्ट ड्राइव्हला काय करू?

गिअरनाना

सातव्याच्या कमेंटमध्ये जाऊन विचारा: चढ होता का, एसी चालू होता का, किती वेळ रांगेत होता. उत्तर कसं देतो त्यावरूनही बरंच कळेल. छापील_शाईंचा मुद्दा आहेच, स्वतःच्या गाडीचा दोष लोक कमी करून सांगतात. त्याने इशारा आल्याचं कबूल केलंय म्हणून त्या वाक्याला मी जास्त वजन देतो.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता मागा आणि गायमुखच्या बाजूला न्यायला सांगा. नको म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे विचारा. चार माणसं बसवा, एसी फुल. रांगेत ब्रेक सोडून नुसती सरकू द्या, ॲक्सिलरेटर न देता, निदान पंधरा मिनिटं. हिसका, जळका वास किंवा इशारा येतो का बघा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, त्याने कुठलाही डीसीटी तापतो आणि परीक्षाच बाद होते. उलट पंधरा मिनिटांत काही झालं नाही म्हणजे पावसाळ्यातल्या दीड तासाच्या रांगेत होणार नाही, असंही नाही.

वाशीची_मनीषा

आणि त्याच संध्याकाळी त्याच रस्त्यावर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाली एखादी चालवा. एकटा डीसीटी चालवून "हा हिसका जास्त की नेहमीचा" ते कळणार नाही.

पनवेल_एक्सप्रेस

गुडघ्याचं लक्षात आलं नाही, सॉरी. सीएनजीतही एएमटी मिळते बरं का.