मदत हवी आहे: दादा लहानपणापासून बहिरा, आणि माझं लग्न मामाच्या मुलीशी ठरतंय

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातला. थोरला भाऊ ३३ वर्षांचा, पूर्ण बहिरा आहे, खुणांनी बोलतो. भावंडं आम्ही दोघंच. आता माझ्यासाठी मामाच्या मुलीचा विषय निघालाय. आमच्याकडे ही पद्धत जुनीच आहे. मुलगी बी.फार्म. झालेली, आम्हा दोघांचीही ना नाही. पण तिनेच विचारलं, "दादांसारखं आपल्या मुलांना होईल का, हे आधी कळतं का?" घरचे म्हणतात दादाला दीड वर्षाचा असताना मोठा ताप आला आणि कान गेले. आई-वडील एकमेकांच्या नात्यातले नाहीत. खानदानात दुसरं कुणी बहिरं नाही. टेस्ट कुणाची करायची, माझी की तिची? आणि धोका नेमका किती?

मिरजकर_भाऊ
अरे आमच्या घरात तीन पिढ्या मामाच्या मुली केल्या, सगळ्यांचे कान तिखट आहेत. तुझ्या मामाकडे कुणी बहिरं नाही म्हणजे आईकडून काही आलेलं नाही, झालंच तर वडिलांकडून. रक्तगट तेवढे बघून घ्या आणि बार उडवा.

श्रवणवाली
भाऊ, रक्तगटाचा इथे काही संबंध नाही.

वारणाकाठ, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. "तापात कान गेले" हे बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. कधी ते खरंच असतं, मेंदूज्वरात ऐकणं जातं. पण पुष्कळदा मूल आधीपासूनच ऐकत नसतं आणि तापाच्या निमित्ताने घरच्यांच्या पहिल्यांदा लक्षात येतं. तेव्हा आईला शांतपणे विचारा: तापाआधी तो "आई", "बाबा", "दे" असं काही म्हणायचा का? भांडं पडलं की दचकायचा का? तापात शुद्ध हरपली होती का, आकडी आली होती का, पाठीतून पाणी काढलं होतं का? जन्मल्यावर काचेच्या पेटीत होता का, कावीळ खूप चढली होती का, पोटात असताना आईला अंगभर पुरळ आलं होतं का?

जुनी फाईल असेल तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी चाचणी, तिची तारीख बघा. आणि दादाला संध्याकाळी अंधारात दिसायला त्रास होतो का? कधी घेरी येऊन पडलाय का? गळ्याला गाठ? कपाळावर पांढऱ्या केसांची बट? काही प्रकारांत बहिरेपणासोबत डोळे, हृदय किंवा थायरॉइडही येतं, म्हणून विचारते. घेरीचं उत्तर "हो" असेल तर लग्नाचं नंतर, आधी ईसीजी काढा.

कोकणी_काका
माझे वडील ७४ वर्षांचे, दोन वर्षांपासून टीव्ही फार मोठा लावतात. आमच्यात आजोबांनाही ऐकू कमी यायचं. हेसुद्धा आनुवंशिकच का? मशीन कुठलं घ्यावं?

श्रवणवाली
काका, वयानुसार येणारा बहिरेपणा वेगळा. ऑडिओग्राम काढा आणि वेगळा धागा उघडा, तिथे सांगते.

वारणाकाठ
आईला विचारलं. आधी तापाचंच सांगत होती. मग म्हणाली, "हाक मारली तर कधी वळायचा, कधी नाही, वाटायचं तंद्रीत आहे." बोलत काहीच नव्हता. आकडी नाही, दवाखान्यात ठेवलं नव्हतं. रात्री व्यवस्थित गाडी चालवतो, घेरी वगैरे नाही.

जनुकवेल
मी पुण्यात जेनेटिक कौन्सेलर म्हणून काम करते. ही माहिती पाहता जन्मजात, आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता बरीच वाटते. सिद्ध झालेलं नाही, पण तसं धरून हिशोब करू.

घरात दुसरं कुणी बहिरं नसणं हे याविरुद्ध जात नाही. जन्मजात आनुवंशिक बहिरेपणाचा मोठा भाग असाच येतो: आई आणि वडील दोघांकडेही त्या जीनची एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत असते, त्यामुळे दोघांना उत्तम ऐकू येतं. मुलाला दोघांकडून बिघडलेलीच प्रत आली तर ते बहिरं होतं. म्हणजे मिरजकरभाऊ म्हणतात तसं एकट्या वडिलांकडून हे येत नाही.

आता तुमचं. अशा जोडप्याच्या मुलांत चार शक्यता असतात. त्यातली बहिरेपणाची तुमची नाही हे दिसतंच आहे. उरलेल्या तिनांपैकी दोनांत एक बिघडलेली प्रत असते. म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता २/३. आई वाहक आहेच, तिच्या सख्ख्या भावाची शक्यता निम्मी, आणि त्याच्या मुलीची त्याच्या निम्मी, म्हणजे १/४. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक बाळंतपणात १/४. तिन्हींचा गुणाकार:

२/३ × १/४ × १/४ = १/२४

साधारण चार टक्के. मुलगी नात्याबाहेरची असती आणि दर चाळिसांत एक वाहक धरला, तर हाच आकडा १/२४० येतो. नात्यामुळे फरक पडतो तो एवढा.

टेस्ट आधी ना तुमची, ना तिची. आधी दादाची. त्याच्यात नेमका कुठला बदल आहे हे कळलं की तुम्हा दोघांत फक्त तोच शोधायचा. बहुधा कनेक्सिन २६ च्या जीनपासून सुरुवात करतात. रिपोर्टवर तो GJB2 असा छापतात, आणि भारतात त्यातला W24X हा बदल वारंवार दिसतो. तिथे काही नसेल तर बहिरेपणाच्या बऱ्याच जीनचं एकत्र पॅनल. लोक उलट करतात: आधी मुलगा-मुलगी टेस्ट करून "निगेटिव्ह" घेऊन येतात आणि निर्धास्त होतात. कशासाठी निगेटिव्ह, हे दादाच्या रिपोर्टशिवाय सांगता येत नाही.

मिरजकर_भाऊ
मॅडम, चारात एक म्हणजे एक झाला की पुढची तीन पोरं ठीक ना?

जनुकवेल
नाही. दर वेळी नव्याने चारात एक. मागच्या मुलाचा हिशोब पुढच्याला लागत नाही.

हातांची_भाषा
मी आणि नवरा दोघंही जन्मापासून बहिरे. आमच्या दोन्ही मुलींना उत्तम ऐकू येतं. सगळे म्हणाले होते बहिरीच होतील. मग एवढा बाऊ कशाला? आणि दादाला कुणी विचारलं का? रक्त त्याचं, रिपोर्ट त्याचा. "तुझ्यासारखं मूल नको म्हणून तुझी टेस्ट" हे त्याला कसं वाटेल?

जनुकवेल
ताई, तुमचं आणि मिस्टरांचं कारण बहुधा वेगवेगळं आहे, म्हणून मुली ऐकतात. एकाच जीनमुळे असतं तर जवळपास सगळी मुलं बहिरी झाली असती. दादाबद्दल तुमचं बरोबर आहे. खुणांची भाषा जाणणारा दुभाषी सोबत असावा आणि दादाने नाही म्हटलं तर तिथेच थांबायचं. वारणाकाठ, मग दुसरा रस्ता म्हणजे तुमचं आणि मुलीचं पॅनल, पण त्यातून मिळणारं उत्तर अर्धवटच असतं.

वारणाकाठ
दादाला सांगितलं. आधी चिडला, मग खुणेने म्हणाला, "मलाही जाणून घ्यायचंय." पण मामा बिथरलाय. मुलीची टेस्ट केली नि वाहक निघाली तर पुढे तिचं लग्न कुठेच होणार नाही म्हणतो.

जनुकवेल
मग दादानंतर फक्त तुमची करा. तुमच्यात तो बदल नसला (तीनांत एक शक्यता आहे), तर त्या जीनपुरता प्रश्न मिटला, तिला सुई टोचायची गरजच नाही. असला, तर तो निर्णय तिचा, मामांचा नव्हे. ती सज्ञान आहे.

दोन अडचणी आधीच सांगते. दादात एकच बदल सापडून दुसरा न सापडणं, किंवा "अर्थ अनिश्चित" असा शेरा येणं. दोन्हींत घाईने होकार-नकार देऊ नका, आई-वडिलांचं रक्त घेऊन पुढे तपासावं लागतं. आणि नात्यात लग्न आहे तर थॅलेसेमियाची वाहक चाचणीही दोघं करून घ्या.

श्रवणवाली
दोघं वाहक निघून लग्न केलंत तरी, गरोदरपणात ११ व्या आठवड्यानंतर तपासता येतं. काही जोडपी ते न करता नुसती तयारीत राहतात: महिन्याच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांपर्यंत बेरा करून निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन. कनेक्सिनच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा फायदा सहसा चांगला होतो.

हातांची_भाषा
आणि खुणांची भाषा पहिल्या दिवसापासून. बाळाचे काका शिकवतीलच.

वकिली_चष्मा
हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे आते-मामे भावंडांचं लग्न निषिद्ध नात्यात येतं, रूढी असेल तरच चालतं. तुमच्या समाजात ती आहे असं दिसतं, पण नोंदणीच्या वेळी विचारतील.

वारणाकाठ
दादाचं रक्त सोमवारी देतोय. मामाशी ती स्वतःच बोलणार आहे म्हणाली. रिपोर्ट आला की इथे टाकतो. सगळ्यांना दाखवावा की नको, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही.