मदत हवी आहे: थांब्यांच्या वेळा इतक्या तिरक्या, मग सरासरीचा आलेख घंटेसारखा कसा होतो? (आणि माझा का होत नाही?)

अक्षता_सोलापूर

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा प्रोजेक्ट आहे. पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात माग किती वेळ थांबतो याच्या नोंदी घेतल्यात. कांडी बदलली, धागा तुटला की मिनिट-दोन मिनिटांत माग परत सुरू होतो. पण बीम संपला किंवा एखादा भाग मोडला की चांगला पाऊण तास जातो. त्यामुळे हिस्टोग्राम डावीकडे उंच आणि उजवीकडे लांब शेपूट असा आलाय.

सेंट्रल लिमिट थिअरमप्रमाणे नमुन्यांच्या सरासऱ्या नॉर्मल दिसायला हव्यात. म्हणून पाच-पाच थांबे उचलून सरासरी काढली:

```
import numpy as np
t = np.loadtxt("thambe.txt")
m = np.random.choice(t, size=(10000, 5)).mean(axis=1)
```

10000 च्या जागी 100000 केलं, तरी आकार तिरकाच. उलट तिरकेपणा आणखी ठळक दिसतो. दुसरं म्हणजे, मूळ डेटा तिरका असताना सरासरीनं सरळ व्हावं तरी का? पुस्तकातली सिद्धता पाठ आहे, पण ती वाचून हे "का" कळत नाही.

कडकभाकरी

n 30 च्या वर गेला की नॉर्मल. 5 चे 30 करा, विषय संपला.

शेंगाचटणी

मी कांद्याच्या लॉटच्या वजनांवर काम केलं होतं, तिथंही असंच शेपूट होतं. सरळ लॉग घ्या, डेटा नॉर्मल होतो. सरासरी वगैरेच्या भानगडीत पडायचीच गरज नाही.

निवृत्त_मास्तर

शेंगाचटणी, लॉग घेतल्यावर डेटाचा आकार सुधारेल, पण अक्षताताईंचा प्रश्न तो नाही. शिवाय कारखानदाराला हवं असतं महिन्यात एकूण किती मिनिटं गेली. ते साध्या सरासरीला थांब्यांच्या संख्येनं गुणून मिळतं. लॉगची सरासरी उलटवली की वेगळीच, कमी संख्या हाती येते.

आता मूळ प्रश्न. `size` मधले दोन आकडे वेगवेगळं काम करतात. 10000 म्हणजे तुम्ही किती वेळा नमुना घेतला. तो वाढवला तर पाच थांब्यांच्या सरासरीचं जे खरं वितरण आहे, त्याचं चित्र जास्त स्पष्ट होतं. ते मुळात तिरकं असेल तर स्पष्टपणे तिरकं दिसणार. आकार बदलतो तो दुसऱ्या आकड्यानं.

"का" समजायला एक बनवलेला कारखाना घेऊ. दहातले नऊ थांबे 2 मिनिटांचे, एक 42 मिनिटांचा. सरासरी 6, प्रमाण विचलन 12. पाच थांबे उचलले तर 59 टक्के वेळा त्यात लांब थांबा एकही नसतो आणि सरासरी 2 येते. 33 टक्के वेळा एक असतो, सरासरी 10. सुमारे 7 टक्के वेळा दोन असतात, सरासरी 18. डावीकडून उतरत जाणारे हे मनोरे तुम्हाला दिसताहेत.

आता 30 थांबे उचला. सगळे छोटे येण्याची शक्यता उरते फक्त 4 टक्के. नेमके तीन लांब असण्याची मात्र 24 टक्के. गंमत अशी की तीन लांब थांबे असलेली कुठलीही एक ठरावीक मांडणी "सगळे छोटे" या मांडणीपेक्षा 729 पटींनी दुर्मीळ आहे. पण अशा मांडण्या आहेत 4060, आणि "सगळे छोटे" ही मांडणी एकच. 4060 ला 729 नं भागा, साडेपाच येतात. तेवढ्या पटीनं मधला मनोरा उंच होतो. पुढं दहा लांब थांब्यांपर्यंत गेलात तर मांडण्या तीन कोटी, पण प्रत्येक साडेतीनशे कोटी पटींनी दुर्मीळ. तिथं दुर्मीळपणा जिंकतो. एका टोकाला मांडण्या कमी पडतात, दुसऱ्या टोकाला शक्यता, म्हणून फुगवटा मध्ये येतो.

अक्षता_सोलापूर

हे पटलं, सर. पण हे दोनच किमती असतील तेव्हाचं झालं. माझ्याकडं तर दीड, तीन, सात, सगळ्या प्रकारची मिनिटं आहेत.

निवृत्त_मास्तर

मग मांडण्या मोजायच्या सोडून तिरकेपणाच मोजा. थांबे एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर बेरजेतला तिरकेपणा (तिसरा मोमेंट) n च्या पटीत वाढतो. पण त्याला ज्यानं भागायचं तो प्रमाण विचलनाचा घन n च्या दीड घाताच्या पटीत वाढतो. म्हणून स्क्यूनेस √n नं कमी होत जातो, मूळ किमती काहीही असोत. वरच्या कारखान्याचा स्क्यूनेस 2.67 आहे. 30 च्या सरासरीचा 0.49, 100 च्या सरासरीचा 0.27. निम्मा करायचा तर नमुना चौपट करावा लागतो.

कडकभाकरी, म्हणूनच 30 हा काही जादूचा आकडा नाही. वरच्या उदाहरणात 30 च्या सरासरीची प्रमाण त्रुटी 2.19 येते. नॉर्मल म्हणतं की सव्वादोन टक्के वेळा सरासरी 6 वजा 4.38, म्हणजे 1.62 च्या खाली जाईल. पण सगळ्यात छोटा थांबाच 2 मिनिटांचा! डावीकडं शून्य टक्के. उजवीकडं 10.38 च्या वर अडीच टक्क्यांच्या आसपास निघतात. म्हणजे मध्यावर जुळतं, शेपटांवर नाही. डेटा थोडाच तिरका असेल तर 30 पेक्षा कमीतही भागतं, फार तिरका असेल तर शंभरही पुरत नाहीत.

कडकभाकरी

आम्हाला कॉलेजात 30 च सांगितलं होतं. पण 1.62 चं उदाहरण बिनतोड आहे, मान्य.

मागावरचा

ओ ताई, तुमचं गणित चाललंय ते चालू द्या, पण आमच्या कारखान्याचं सांगतो. लाईट गेली की सगळे माग एकदम बंद. वीस माग, वीस थांबे, सगळ्यांची वेळ तीच. आणि सुताचा लॉट खराब आला की त्या दिवशी दिवसभर धागा तुटतोय. ते कसं धरणार?

निवृत्त_मास्तर

दादा, मुद्द्याचं बोललात. लाईट गेल्यावरचे ते वीस थांबे वीस नव्हेतच, ती माहिती एकाच थांब्याची. तेवढ्यासाठी n मध्ये वीस मोजले की प्रमाण त्रुटी खोटी लहान दिसते. आणि अक्षताताई, तुमचा कोड फाईलमधून कुठलाही थांबा स्वतंत्रपणे उचलतो, त्यामुळं हे नातं त्यात मोडून जातं. कोडमधून घंटा छान येईल, प्रत्यक्षातल्या एकेका पाळीच्या सरासऱ्या मात्र तिच्यापेक्षा जास्त पसरलेल्या असतील. फरक बघायचा तर प्रत्येक पाळीची सरासरी काढा आणि त्यांचं प्रमाण विचलन तपासा. पाळीत साधारण तेवढेच थांबे असताना ते σ/√n पेक्षा बरंच मोठं आलं, तर थांबे स्वतंत्र नाहीत.

शेंगाचटणी

मग लाईटचे थांबे काढूनच टाका की. ते मागाचे थोडेच आहेत.

मागावरचा

काढून कसं चालेल? पगार तर त्या वेळेचाही बुडतो.

अक्षता_सोलापूर

`size=(10000, 60)` करून पाहिलं. बरीच घंटा झाली, उजवीकडं थोडं शेपूट उरलंय. पाळीच्या सरासऱ्यांचा पसारा σ/√n च्या जवळजवळ दुप्पट आला. लाईटचे थांबे वेगळे मोजून पाहते, पण खराब लॉटचे दिवस नोंदीवरून ओळखायचे कसे? लॉट नंबर आम्ही लिहिलेलाच नाही.