कापडी पिशव्या: १०० नगांचा हिशोब

मेधा: प्लास्टिक बंद झाल्यामुळे एक दुकानदार १०० कापडी पिशव्यांचा भाव विचारतोय. मांजरपाट, तयार माप १३ बाय १५ इंच. काय सांगू?

सुनंदाकाकू: आज भाव सांगूच नकोस गं. आधी कापड मोज. तळाला शिलाई नको, एकच लांब तुकडा काप, १४ बाय ३३ इंच. त्यात दोन्ही बाजूंची शिलाई आणि तोंडाची दीड-दीड इंचाची दुमड धरली आहे. ४४ इंची पन्ह्यात असे तीन बसतात, म्हणजे १०० पिशव्यांना ३४ ओळी, साधारण साडेअठ्ठावीस मीटर.

मेधा: आणि धरायचे बंद?

सुनंदाकाकू: ४ बाय २४ इंचाची पट्टी, चार पदरी दुमडून १ इंचाची. किनार सोडून पन्ह्यात १० बसतात. २०० पट्ट्यांना सव्वाबारा मीटर. कापण्यातली तूट धरून एकूण ४३ मीटर घे. पण त्याने १५ इंच रुंद मागितली तर पन्ह्यात दोनच बसतील आणि उरलेल्या कापडातून काही बंद काढूनही ५० मीटर लागतील. म्हणून माप बदललं की भावही बदलायचा.

प्रकाशदादा: नमुने दोन शिवा, एक दुकानात, एक आपल्याकडे त्यांच्या सहीचा. नमुन्याचे पैसे घ्या, ऑर्डर आली की वळते करा. दुकानातला सगळ्यात जड माल भरून रात्रभर खुंटीला टांगायला सांगा. बंद सुटला तर बहुतेक वेळा टोक नुसतं कडेवर शिवलेलं असतं. टोक दुमडीच्या आत घालून, बंद वर वळवून, चौकोन आणि आत फुली मारा. बाजूची शिलाई आधी सुलट, मग उलटवून पुन्हा, म्हणजे धागे निघत नाहीत.

मेधा: छपाई शिवल्यावर करायची का?

प्रकाशदादा: आधी, कापलेल्या तुकड्यावर. मात्र दोन्ही बाजूंना नाव हवं असेल तर दुसरं नाव उलटं छापायचं, तळाशी घडी पडली की ते सरळ होतं. हे विसरलं की अख्खी ऑर्डर वाया जाते. मांजरपाट खळीचं असतं, धुतल्यावर आटतं, हेही दुकानदाराला आधीच सांगा.

सुनंदाकाकू: आता भाव. कापड, दोरा, छपाई आणि मजुरी. मजुरी पहिल्या पिशवीवरून काढू नकोस, दहाव्या पिशवीला लागलेल्या वेळेवरून काढ. ५०० नगांना सूट मागितली तर ताका घेतल्याने कापड जितकं स्वस्त पडेल आणि छपाईच्या पडद्याचा खर्च जितका विभागला जाईल, तितकीच दे. शिलाईचा वेळ नगामागे फारसा कमी होत नाही, तिथे सूट दिलीस तर ती तुझ्याच मजुरीतून जाते.

प्रकाशदादा: आणि कापडाची पूर्ण रक्कम आगाऊ. छापलेलं कापड दुसऱ्या दुकानाला विकता येत नाही.