मदत हवी: आरसी तिसऱ्याच्याच नावावर, वर फायनान्सचा बोजा. इसार द्यावा का?

दूधवाला_दारव्हा
राम राम मंडळी. केंद्रावर दुधाच्या कॅन न्यायला जुनी १२५ सीसी गाडी पाहतोय. २०१९ चं मॉडेल, एमएच-२९, मीटर ३१ हजार, किंमत ४२ हजार सांगितली. विकणारा शेजारच्या गावचा, ओळखीतला. पण आरसीवर नाव यवतमाळच्या एकाचं. हा म्हणतो, "त्याच्याकडून घेतली, नावावर करायची राहून गेली. २९ अन् ३० नंबरच्या फॉर्मवर त्याच्या सह्या आहेत, तारीख तुम्ही टाका." आरसीवर फायनान्सचा बोजाही दिसतो, पण हप्ते कधीचेच फिटले म्हणे. उद्या पाच हजार इसार मागतो. चालवून पाहिली, बरी वाटली. पैसे द्यायच्या आधी काय काय पाहू?

पोट्टा_अकोला
काहून एवढे घाबरता भाऊ? एम-परिवहनवर नंबर टाका, आरसी चालू दिसली की झालं. आमच्याकडं अर्ध्या गाड्या सहीच्या फॉर्मवरच फिरतात. बाँडपेपरवर लिहून घ्या अन् घेऊन टाका.

वणीचे_काका
फिरतात खऱ्या, पण अपघात झाला की कोर्ट आरसीवरचं नाव पाहते, बाँड नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. म्हणून तर यवतमाळवाल्यालाही गाडी नावावरून उतरवायची गरज आहे. त्याला तसं सांगा, तो येईल.

मी फायनान्सच्या वसुलीत होतो, म्हणून बोजाचं सांगतो. आरसीवर बोजा दिसतो म्हणजे कर्ज बाकीच असेल असं नाही. पुष्कळ लोक हप्ते फेडतात, पण कंपनीची एनओसी आरटीओत लावतच नाहीत. मात्र कर्ज फिटलं की नाही हे विकणाऱ्याच्या तोंडून कळणार नाही. कर्ज यवतमाळवाल्याच्या नावावर, म्हणून एनओसी अन् ३५ नंबरचा फॉर्म त्यालाच मिळतो. एनओसी हरवली असेल तर दुसरी काढायला अर्जही त्यानंच करायचा. कागद हातात आला की त्यावरचा गाडीनंबर अन् चेसिस नंबर आरसीशी ताडा, मग कंपनीच्या शाखेत त्याला सोबत घेऊन जा अन् खातं बंद आहे का विचारा. कर्ज बाकी असेल तर कंपनी गाडी तुमच्या दारातून उचलू शकते. आम्ही उचलत होतो.

सहीच्या फॉर्मवर भरवसा नको. आता आरटीओची बरीच कामं ऑनलाइन झालीत, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो. माणूस वारला असेल तर त्या सह्यांचा उपयोग नाही, वारसांकडून ३१ नंबरचा फॉर्म लागेल.

जुना_मालक_हिंगणघाट
मी गाडी विकून बसलो तरी चलान मलाच येतात. मी काय करू?

वणीचे_काका
तुमचा प्रश्न उलटा आहे बाप्पा. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत २९ नंबरचा फॉर्म आरटीओत द्यायचा असतो. दिला नसेल तर आता तरी द्या, पोच ठेवा अन् घेणाऱ्याला गाठा. दारव्हेकर, तुम्हीही mahatrafficechallan.gov.in वर गाडीनंबर अन् चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून दंड बाकी आहे का पाहा.

मिस्त्री_पुसद
कागद काकांनी सांगितले, मी गाडीचं सांगतो. सकाळी न कळवता जा अन् आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर त्यानं तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली होती. थंड गाडी चोक देऊन किकवर चालू करा, मग चोक काढून रेस द्या. सुरुवातीला पांढरी वाफ आली तर काही नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. फक्त चालू होताना क्षणभर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, स्वस्तात भागेल. रेस दिल्यावर येतच राहिला तर रिंग-बोअरचं काम.

मग डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला अन् हँडल हळू वळवा. मधोमध अडकल्यासारखं लागलं तर कोनसेट गेला. चेसिस नंबर हँडलच्या खाली नळीवर ठोकलेला असतो, गाडीप्रमाणे बाजू वेगळी. एखादा आकडा घासलेला किंवा नव्या रंगाखाली दिसला तर परत फिरा.

दूधवाला_दारव्हा
आज सकाळी गेलो. इंजिन थंड होतं, चेसिस नंबर जुळला, चलान काही बाकी नाही. निळा धूर चालू करताना आला अन् थांबला. रेसवर थोडा दिसला की नाही, सांगता येत नाही. यवतमाळवाल्याशी बोलणं झालं, एनओसी कपाटात असेल म्हणतो. विम्याचं काय?

वणीचे_काका
२०१९ ची नवी गाडी म्हणजे थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा होता, २०२४ मध्ये संपला. पुन्हा काढला नसेल तर तुम्हालाच काढावा लागेल, पैसे किंमतीतून कापा. ओटीपी अन् एनओसी दोन्ही हातात येईस्तोवर इसार देऊ नका.

पोट्टा_अकोला
तोवर दुसरं गिऱ्हाईक नेईल ना गाडी.

मिस्त्री_पुसद
नेऊ द्या. धुराचं नक्की कळायला गाडी इकडं आणा, कॉम्प्रेशन मोजून सांगतो. रिंगांचं निघालं तर ४२ काय, ३५ लाही विचार करा.