उत्तर: हॉल दवाखान्यासारखा का दिसतो

«नाशिकला नवा फ्लॅट, हॉल १२ बाय १५. सीलिंगमध्ये ६५०० केल्विनचे, १२ वॉटचे आठ लाइट लावले. तरी बसावंसं वाटत नाही. अजून लावू का?»

लावू नका, उजेड आधीच जास्त आहे. एलईडी वॉटमागे साधारण १०० लुमेन उजेड देतो, म्हणजे तुमच्याकडे साडेनऊ हजार. एवढ्या हॉलला दोन-अडीच हजार पुरतात. शिवाय सगळा उजेड सरळ खाली पडतो, त्यामुळे फरशी झगझगते, भिंती मात्र काळपट राहतात आणि चेहऱ्यावर डोळ्यांखाली सावल्या पडतात.

उजेड तीन थरांत वाटा. पहिला थर: सीलिंगच्या त्याच भोकांत ३ वॉटचे, ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे लाइट बसवा. दुसरा थर: वाचायच्या खुर्चीशेजारी ८ वॉटचा फ्लोअर लॅम्प ठेवा. बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला यावी. वर राहिली तर बल्ब डोळ्यांत येतो.

तिसरा थर भिंतीवरच्या वारली चित्रासाठी. स्पॉट सरळ खालच्या रेषेपासून ३० अंशांत तिरका हवा. छत साडेनऊ फुटांवर आणि चित्राचा मध्य पाच फुटांवर असेल, तर स्पॉट भिंतीपासून अडीच फुटांवर येतो. त्याहून दूर नेलात तर चित्राच्या काचेत बल्बच दिसेल. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय; तो ९० च्या वरचा घ्या.

तिन्ही थरांना केल्विन एकच ठेवा. एक जरी ६५०० चा राहिला, तर तो निळसर आणि बाकीचे पिवळट दिसतात. दुकानात नुसतं 'वॉर्म' म्हणू नका, खोक्यावरचा आकडा वाचा. आणि तिन्हींचे स्विच वेगळे हवेत, नाहीतर टीव्ही बघतानाही सगळं लख्ख.