अनुभव धागा: नम लॉक, नमपॅड आणि ऑल्टचे आकडे

इंदूरमध्ये आपल्यापैकी बरेचजण कुणाच्या ना कुणाच्या हिशोबाच्या ऑफिसात आहेत. क्लॉथ मार्केट, सियागंज, छावणीची मंडी, शिवाय सीएंची ऑफिसं. दिवसभर उजवा हात नमपॅडवर. म्हणून म्हटलं, या एका विषयावर सगळ्यांचे अनुभव एकत्र येऊ देत. सुरुवात मीच करते.

आमच्याकडे एका व्यापाऱ्याचं खरेदीचं रजिस्टर एक्सेलमध्ये आहे. रकमेच्या कॉलममध्ये ओळीने आकडे आणि लगेच खाली टोटल, मध्ये रिकामी ओळ नाही. सकाळी मशिन सुरू झालं तेव्हा नम लॉक बंद होता. आमच्या नवीन मुलीला मधल्या एका ओळीतली रक्कम बदलून 1250.50 करायची होती. तिने बिलावर नजर ठेवून आकडे दाबले, एंटर दाबलं आणि पुढचं बिल उचललं. संध्याकाळी पाहिलं तर जुनी रक्कम तशीच, आणि टोटल गायब.

झालं ते असं. नम लॉक बंद असला की 1 म्हणजे एंड आणि 2 म्हणजे खाली जाणारा बाण. एक्सेलमध्ये एंडनंतर खालचा बाण दाबला की कर्सर सलग भरलेल्या शेवटच्या सेलवर उडी मारतो, म्हणजे आमच्या टोटलवर. 5 ने काही होत नाही. 0 म्हणजे इन्सर्ट, त्यानेही तिथे काही होत नाही. आणि टिंब म्हणजे डिलीट! टोटलचा फॉर्म्युला तिथेच पुसला गेला. ना आवाज, ना इशारा. त्याच क्षणी कंट्रोल-झेड दाबलं असतं तर परत आला असता, पण पडद्याकडे कुणी पाहतच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एक्सेलच्या खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून Num Lock वर टिक करून ठेवली आहे. चालू असेल तर तिथे तसं लिहून येतं. आणि 1 दाबल्यावर तिथे End Mode दिसलं, तर हात तिथेच थांबवायचा.

राजेंद्रनगरची_वहिनी
ताई, अगदी खरं. मी एक भर घालते. नम लॉक चालू असतानाही शिफ्ट दाबलेली राहिली तर तेच होतं. डाव्या हाताने बिलं उलटताना अंगठा किंवा करंगळी शिफ्टवर टेकते, आणि टिंब डिलीट होऊन बसतं. म्हणून मी बिलांचा गठ्ठा कीबोर्डच्या डावीकडे, जरा लांब ठेवते. डावा हात कीबोर्डवर येतच नाही.

बोटांचं सांगायचं तर मधलं बोट 5 वर. त्यावर बारीक उंचवटा असतो, न बघता सापडतो. तर्जनी 4 वर, अनामिका 6 वर, शून्याला अंगठा, टिंबाला अनामिका आणि एंटरला करंगळी. आमच्याकडे पूर्वी बँकेतून निवृत्त झालेले एक काका यायचे. ते नव्या मुलांना आधी महिनाभर वेग वाढवूच द्यायचे नाहीत. फक्त प्रत्येक आकड्यानंतर बोट 5 वर परत आलं की नाही, ते बघायचे.

छावणी_मंडी
इतकं कशाला? बायोसमध्ये जाऊन Boot up NumLock ऑन करा, काम संपलं. मी दुकानातल्या सगळ्या मशिनवर करून ठेवलंय.

सुदामानगर_हार्डवेअर
भाऊ, ते अर्धंच काम आहे. बायोस फक्त सुरुवातीला दिवा लावतो. विंडोज आली की ती आपल्या नोंदीप्रमाणे नम लॉक पुन्हा ठरवते, म्हणून पासवर्डच्या पडद्यावर दिवा विझलेला दिसतो. त्या पडद्याची नोंद वेगळ्या जागी असते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एवढं द्या:

```
reg add "HKU\.DEFAULT\Control Panel\Keyboard" /v InitialKeyboardIndicators /t REG_SZ /d 2147483650 /f
```

बरेच लोक नुसता 2 लिहायला सांगतात. तो जुन्या विंडोजवर चालायचा. 10 आणि 11 वर मला वरचा मोठा आकडाच भरवशाचा वाटतो. तरी जमलं नाही तर पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. ते चालू असलं की शट डाउन करूनही मशिन पूर्ण बंद होत नाही, जुनी स्थिती जपून ठेवते. ओळखायचं कसं? रीस्टार्ट केल्यावर नम लॉक नीट येतो, पण रात्री बंद करून सकाळी लावल्यावर येत नाही, तर फास्ट स्टार्टअपवरच संशय घ्यायचा.

रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल तर पासवर्डच्या पडद्यावरच नम लॉक दाबा आणि तिथल्याच पॉवरच्या चिन्हावरून रीस्टार्ट करा. बऱ्याच मशिनवर तेवढ्याने भागतं.

भावाचा_लॅपटॉप
माझं उलट आहे. माझ्या जुन्या छोट्या लॅपटॉपला नमपॅडच नाही, आणि नम लॉक चालू झाला की पासवर्ड चुकतो. u दाबला की 4 येतो. कीबोर्ड खराब झालाय का?

सुदामानगर_हार्डवेअर
खराब नाही. तुझ्या लॅपटॉपमध्ये नमपॅड अक्षरांतच लपलेला आहे. u, i, o वर 4, 5, 6 आणि j, k, l वर 1, 2, 3. मी वर दिलेली कमांड तू देऊ नकोस. तुला नम लॉक बंदच हवा.

औषधांचा_स्टॉक
मी घाऊक औषधांकडे आहे. फ्रिजच्या मालाच्या यादीत 2 ते 8 °C सारखं लिहावं लागतं. डिग्रीसाठी ऑल्ट धरून नमपॅडवर 248. आमच्याकडच्या एका मुलाला कुणी तरी सांगितलं होतं की पुढे शून्य लावायचाच असतो, तो 0248 टाकायचा. छापून आलं 8 øC.

राजेंद्रनगरची_वहिनी
मी 0176 टाकते, डिग्री बरोबर येते. मग शून्य लावायचा की नाही?

सुदामानगर_हार्डवेअर
दोघांचंही बरोबर, कारण याद्या दोन आहेत. शून्याशिवाय टाकलं की डॉसच्या काळची यादी, शून्य लावला की विंडोजची. डिग्री जुन्या यादीत 248 वर आहे आणि नव्यात 176 वर. अदलाबदल केली की ø नाही तर ░ मिळतं. पाव, अर्धा, पाऊण लागत असेल तर 0188, 0189, 0190 असे ओळीने आहेत. पाठ करायला सोपे. आणि आकडे नमपॅडवरचेच हवेत, अक्षरांच्या वरच्या ओळीतले चालत नाहीत.

रुपयाचं चिन्ह 2010 मध्ये आलं, ते या दोन्ही याद्यांत नाही. ऑल्ट 8377 वर्डमध्ये चालतं, पण जुन्या नोटपॅडमध्ये त्याच आकड्यांनी ╣ येतं, कारण तिथे 256 ने भागून उरलेली बाकी, म्हणजे 185, घेतली जाते. त्यापेक्षा कीबोर्ड English (India) करा आणि उजवा ऑल्ट धरून वरच्या ओळीतला 4 दाबा.

छावणी_मंडी
हे 4 चं आत्ता करून बघितलं, आलं. बायोसचं मात्र माझ्याकडे नीट चालतंय.

सीए_ऑफिस_पलासिया
आमचा प्रश्न कुणी सोडवेल का? टॅली सर्व्हरवर आहे, आम्ही रिमोट डेस्कटॉपने जोडतो. कधी कधी माझ्या कीबोर्डचा दिवा लागलेला असतो, पण तिकडे आकडे दाबले की कर्सरच हलतो.

सुदामानगर_हार्डवेअर
दोन्हीकडची स्थिती जुळत नाही तेव्हा असं होतं. ती विंडो समोर असताना नम लॉक दोनदा दाबा, बहुतेक वेळा जुळतं. कायमचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

सीए_ऑफिस_पलासिया
दोनदा दाबतोच. दुपारच्या चहानंतर परत जोडलं की पुन्हा तेच. सध्या आमच्याकडे नियम केलाय: जोडल्यावर आधी नॅरेशनच्या रकान्यात 456 टाकून बघायचं, उमटलं तर खोडून मगच व्हाउचरला हात लावायचा.